मल्टिमीटर २३० वर स्थिर, आपले मापक मात्र २१८ ते २४१ मध्ये झुलते: साइनच्या वर्गाची सरासरी नेमकी कुठे बिघडते

पदविका अभियांत्रिकीच्या प्रकल्पांत आणि घरगुती व्होल्टेज-मापकांत एक तक्रार दरवर्षी नव्याने समोर येते. लहान ट्रान्सफॉर्मरने २३० व्होल्टचा पुरवठा खाली आणलेला असतो, दोन रोधांच्या विभाजकातून तो अर्डुइनो युनोच्या अ‍ॅनालॉग पिनवर दिलेला असतो आणि प्रोग्राम आरएमएस मूल्य काढून पडद्यावर दाखवत असतो. त्याच सॉकेटला लावलेला मल्टिमीटर २३० च्या आसपास शांत असतो, पण पडद्यावरचा आकडा कधी २१९, कधी २३५, कधी २४० असा हलत राहतो. बहुतेक जण मग विभाजकातले रोध बदलतात, तारा छोट्या करतात, कपॅसिटर लावतात आणि शेवटी वीस वाचनांची सरासरी दाखवून आकडा कसाबसा स्थिर करतात. दोष यांपैकी कशातही नसतो. तो साइनच्या वर्गाची सरासरी अर्धी का येते आणि कोणत्या अटीवर येते, हे लक्षात न घेतल्यामुळे येतो.

ज्या प्रकरणावरून हे लिहीत आहे त्यात प्रोग्राम दर वेळी २०० नमुने घेत होता. युनोवरील analogRead() च्या एका वाचनाला सुमारे ११२ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे २०० नमुन्यांना २२.४ मिलिसेकंद. आपल्या पुरवठ्याचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते. त्या वरच्या २.४ मिलिसेकंदांनी सगळा घोळ घातला होता. तो कसा, हे पाहण्यासाठी आधी अर्ध्याचा उगम पाहू.

अर्धे येते कुठून

२३० व्होल्टवर १००० वॅट उष्णता देणारा एक हीटर घ्या. त्याचा रोध २३० च्या वर्गाला १००० ने भागून ५२.९ ओहम येतो. पुरवठ्याचे शिखर ३२५.३ व्होल्ट आहे आणि त्या क्षणी हीटरमध्ये खर्च होणारी शक्ती, म्हणजे ३२५.३ चा वर्ग भागिले ५२.९, बरोबर २००० वॅट भरते. विद्युतदाब शून्यावर असतो तेव्हा ती शून्य असते. म्हणजे हीटर प्रत्यक्षात कधीच १००० वॅटवर टिकून राहत नाही. शक्ती शून्य आणि २००० यांच्यामध्ये सेकंदाला शंभर वेळा वर-खाली होते आणि १००० ही तिची सरासरी असते. आरएमएस म्हणजे हीच गोष्ट दाबाच्या भाषेत सांगणे: तेवढीच उष्णता देणारा स्थिर दाब कोणता, तर वर्गांच्या सरासरीचे वर्गमूळ.

सरासरी नेमकी मध्यावरच का पडते, हा खरा प्रश्न आहे. शून्य ते २००० मध्ये फिरणाऱ्या कोणत्याही वक्राची सरासरी १००० असलीच पाहिजे असे नाही. साध्या साइनच्या वरच्या कमानीची सरासरी शिखराच्या ०.६३७ पट येते, अर्धी येत नाही. साइनच्या वर्गात एक विशेष सममिती आहे. कोणताही कोन θ घ्या आणि त्यापुढे ९० अंशांवरचा दुसरा क्षण घ्या. पहिल्या क्षणी शक्ती 2000 sin²θ असते, दुसऱ्या क्षणी 2000 cos²θ असते आणि त्यांची बेरीज नेहमी २००० भरते, कारण

```
sin²θ + cos²θ = 1
```

३० अंशांवर ५०० वॅट असतील तर १२० अंशांवर १५०० असतात. ४५ वर १००० असतील तर १३५ वरही १०००. पहिला क्षण मध्यापासून जेवढा खाली, तेवढाच त्याचा जोडीदार मध्याच्या वर. अर्ध्या आवर्तनातल्या प्रत्येक क्षणाला असा जोडीदार मिळतो, म्हणून संपूर्ण अर्ध्या आवर्तनाची सरासरी १ च्या अर्धी येते. हेच सूत्रात लिहिले तर ते असे दिसते:

```
sin²θ = 1/2 − (1/2) cos 2θ
```

पहिले पद स्थिर आहे. दुसरे पद दुप्पट वारंवारतेने, म्हणजे १०० हर्ट्झने, त्याच्याभोवती झुलते आणि पूर्ण झोक्यात त्याची बेरीज शून्य होते. शिखराला √२ ने भागण्याचा नियम इथूनच येतो, म्हणून तो पाठ करताना त्याची अटही पाठ करायला हवी: सरासरीच्या कालखंडात अर्ध्या आवर्तनांची संख्या पूर्ण असली पाहिजे, नाहीतर काही क्षण जोडीदाराविना राहतात.

हातांनी करून पाहण्याचे गणित

हे कागदावर सहा आकड्यांत पडताळता येते आणि ज्यांना वरचे पटले नसेल त्यांनी ते जरूर करावे. अर्ध्या आवर्तनात ३० अंशांच्या अंतराने सहा नमुने घेतले, म्हणजे ०, ३०, ६०, ९०, १२० आणि १५० अंशांवर, तर दाबाची मूल्ये ०, १६२.६, २८१.७, ३२५.३, २८१.७ आणि १६२.६ व्होल्ट मिळतात. त्यांचे वर्ग अनुक्रमे ०, २६४५०, ७९३५०, १०५८००, ७९३५०, २६४५० असे आहेत (वर्ग न पूर्णांकित केलेल्या मूल्यांचे आहेत). बेरीज ३१७४००, तिला ६ ने भागून ५२९००, आणि वर्गमूळ बरोबर २३०.

आता एक चूक मुद्दाम करू. सहाऐवजी सात नमुने घेऊ, म्हणजे १८० अंशांवरचे शून्यही मोजू. बेरीज तीच राहिली, पण भागाकार ७ ने झाला: ४५३४३, वर्गमूळ २१२.९ व्होल्ट. सुरुवात ० ऐवजी ९० अंशांपासून केली, तर सातवा नमुना २७० अंशांवर, म्हणजे दुसऱ्या शिखरावर पडतो. बेरीज ४२३२०० होते, सरासरी ६०४५७ आणि वर्गमूळ २४५.९. पुरवठ्यात काहीही बदल झालेला नाही, एका जादा नमुन्याने आकडा २१३ ते २४६ पर्यंत हलवला. तो जादा तुकडा शून्याजवळ पडला की वाचन खाली येते, शिखराजवळ पडला की वर जाते.

आपल्या प्रकरणात सातव्या नमुन्याची जागा त्या २.४ मिलिसेकंदांनी घेतली होती. सर्वसाधारण कालखंडासाठी समाकलन केले तर वर्गांच्या सरासरीतील सर्वांत मोठी सापेक्ष चूक अशी येते, जिथे f वारंवारता आणि T कालखंड आहे:

```
|sin(2πfT)| / (2πfT)
```

f = ५० हर्ट्झ आणि T = २२.४ मिलिसेकंद घातल्यावर ही चूक ०.०९७ येते. वर्गमूळ घेतल्यावर २३० चे वाचन २१८.५ ते २४०.९ यांच्यामध्ये कुठेही पडू शकते. तक्रारीतले आकडे यापेक्षा वेगळे नव्हते. वाचनाचा क्षण पुरवठ्याच्या कोणत्या कोनावर सुरू होतो हे प्रोग्रामच्या इतर कामांवर अवलंबून असते आणि पडद्यावर लिहिणे, थांबणे या गोष्टींना लागणारा वेळ आवर्तनाशी जुळलेला नसतो. त्यामुळे सुरुवातीचा कोन प्रत्येक फेरीत थोडा थोडा सरकतो. या दोषाची खूण ओळखण्याजोगी आहे: आकडा विजेच्या गोंगाटासारखा वेडावाकडा उडत नाही, तो झोपाळ्यासारखा सावकाश वर जातो आणि सावकाश खाली येतो. delay() चा आकडा बदलून पाहा. झोक्याचा वेग बदलला तर निदान पक्के समजा, कारण खऱ्या दाबाला तुमच्या delay() शी काही देणेघेणे नाही.

उपाय

उपाय दोन दिसतात आणि त्यांतला एकच चांगला आहे. पहिला म्हणजे कालखंड लांबवणे. नमुने २०० वरून १००० केले तर कालखंड ११२ मिलिसेकंद होतो आणि वरच्या सूत्राने दाबातली चूक ०.८ टक्क्यांवर, म्हणजे दोन व्होल्टच्या आत येते. पण ही चूक T च्या व्यस्त प्रमाणात हळूहळू कमी होते; उरलेला तुकडा तसाच राहतो, तो फक्त मोठ्या बेरजेत विरघळतो. वीस वाचनांची सरासरी दाखवण्याची युक्तीही याच जातीची. शिवाय तिच्यामुळे दाब खरोखर १९० पर्यंत घसरला तरी मापकाला ते कित्येक वाचनांनंतर कळते, म्हणजे ज्यासाठी मापक बनवले तेच काम बिघडते.

दुसरा उपाय म्हणजे नमुन्यांची संख्या ठरवण्याऐवजी वेळ ठरवणे. २०० मिलिसेकंद घेतले तर त्यात ५० हर्ट्झची बरोबर दहा आवर्तने बसतात आणि सूत्रातला sin शून्य होतो. विद्युत पुरवठ्याच्या गुणवत्तेच्या मापनासाठी असलेले आयईसी ६१०००-४-३० हे मानकही ५० हर्ट्झसाठी दहा आवर्तनांचाच मूलभूत कालखंड वापरते. वारंवारता थोडी हलली तर काय, ही शंका रास्त आहे. ती ४९.९ हर्ट्झवर आली, तर २०० मिलिसेकंदांत ९.९८ आवर्तने बसतात आणि दाबातली चूक ०.१ टक्का, म्हणजे पाव व्होल्टच्या आसपास येते. दहा बिटांच्या परिवर्तकाला याहून अधिक मागणे अन्यायाचे आहे. जनरेटरवर चालवायचे असेल आणि वारंवारता ४७ किंवा ५२ अशी भटकत असेल, तर मात्र दाब शून्य ओलांडतो ते क्षण पकडून त्या दोन क्षणांमध्येच बेरीज करावी.

```
long s = 0, n = 0;
long q = 0;
unsigned long t0 = micros();
while (micros() - t0 < 200000UL) {
  long x = analogRead(A0) - 512L;
  s += x;
  q += x * x;
  n++;
}
float m = (float)s / n;
float r = sqrt((float)q / n - m * m);
float volts = r * 1.084;
```

यातील शेवटचा १.०८४ हा गुणक त्या एका मापकाचा आहे: त्याच्या पिनवर शिखर मध्यापासून ३०० अंकांवर जात होते, म्हणजे आरएमएस २१२.१ अंक, आणि २३० ला त्याने भागून हा गुणक मिळाला. तुमचा गुणक तुमच्या ट्रान्सफॉर्मरनुसार आणि रोधांनुसार वेगळा येईल आणि तो स्थिर वाचन मिळाल्यानंतरच ठरवावा; झुलत्या वाचनावर गुणक बसवणे म्हणजे हलत्या तराजूवर वजने जुळवणे. ट्रान्सफॉर्मर मात्र गाळू नका. मुख्य पुरवठा केवळ रोधांच्या विभाजकातून बोर्डवर आणला, तर बोर्डच्या प्रत्येक उघड्या पिनवर आणि जोडलेल्या संगणकाच्या आवरणावर पुरवठ्याचा दाब येऊ शकतो.

प्रोग्राममध्ये x हा long का आहे, यावर थोडे थांबावे लागेल. युनोवर int सोळा बिटांचा असतो आणि त्यात ३२७६७ पर्यंतच संख्या मावतात. १८१ चा वर्ग ३२७६१ आहे, तो कसाबसा मावतो. १८२ ते २५५ पर्यंतच्या संख्यांचा वर्ग घेतला की तो उलटून ऋण होतो. २०० चा वर्ग −२५५३६ असा दिसतो. वर्गांची बेरीज ऋण झाली, तर sqrt() पडद्यावर nan दाखवते. ती ऋण झाली नाही, तर अविश्वसनीयरीत्या लहान आकडा येतो. झुलणारा आकडा आणि असा कोसळलेला आकडा हे दोन वेगळे आजार आहेत आणि एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

तार काढल्यावरही सात-आठ व्होल्ट दिसत असतील तर

वरच्या प्रोग्राममधला केवळ कालखंडाचा बदल केल्यावर आकडा शांत होतो, पण ट्रान्सफॉर्मरचा प्लग काढल्यावर मापक शून्याऐवजी ७.६ व्होल्ट दाखवते, अशी दुसरी तक्रार अनेकदा मागोमाग येते. युनोची पिन ऋण दाब वाचू शकत नाही, म्हणून साइन २.५ व्होल्टवर उचलून ठेवलेली असते आणि प्रोग्राम प्रत्येक नमुन्यातून ५१२ वजा करतो. प्रत्यक्षात ती उचलणारे दोन रोध अगदी सारखे नसतात, मध्यबिंदू ५१२ ऐवजी ५०५ वर पडतो आणि प्रत्येक नमुन्यात −७ अंकांचा स्थिर भाग उरतो. वर्ग घेतल्यावर त्याचे चिन्ह नाहीसे होते आणि ४९ उरतात. ७ अंक गुणिले १.०८४ म्हणजे ते ७.६ व्होल्ट.

गमतीचा भाग असा की पूर्ण दाबावर हा दोष जवळजवळ दिसत नाही. स्थिर भाग आणि साइन यांचा गुणाकार पूर्ण आवर्तनांत शून्य होतो, म्हणून दोघांचे वर्ग केवळ बेरजेने जोडले जातात: साइनचे ४५००० आणि स्थिर भागाचे ४९. वर्गमूळात त्यामुळे ०.०५ टक्क्यांचा फरक पडतो. चांगली परीक्षा म्हणजे प्लग काढून पाहणे. वरच्या प्रोग्राममधील s आणि m यांची योजना यासाठीच आहे: नमुन्यांची सरासरी m हा स्थिर भाग असतो आणि वर्गांच्या सरासरीतून त्याचा वर्ग वजा केला की उरते ती निव्वळ साइन. अर्थात m खरा येण्यासाठीही आवर्तने पूर्णच हवीत. साइनची स्वतःची सरासरी अर्ध्या आवर्तनात शून्य होत नाही, त्यासाठी पूर्ण आवर्तन लागते. दहा आवर्तने घेण्याचा हा आणखी एक फायदा.

शिखर शोधून √२ ने भागणारे प्रोग्राम

काही जण हे सगळे टाळून २० मिलिसेकंदांतील सर्वांत मोठा नमुना शोधतात आणि त्याला १.४१४ ने भागतात. हे वाचन झुलत नाही, म्हणून त्यावर विश्वास बसतो, पण ते बहुधा कमी येते. संगणक, टीव्ही, एलईडी दिवे यांच्या आतील दिष्टकारी मंडले दाबाच्या शिखराजवळच प्रवाह ओढतात आणि त्यामुळे घरातल्या साइनचा माथा थोडा चपटा होतो. शिखर ३२५ ऐवजी ३१२ असेल आणि खरे आरएमएस २३० असेल, तर ही रीत २२०.६ दाखवेल. अशा तरंगात वर्गांची सरासरी शिखराच्या वर्गाच्या अर्धी नसते, ती ०.५४३ पट असते. अर्धे हा शुद्ध साइनचा गुण आहे, प्रत्यावर्ती दाबाचा नाही. वर्ग, सरासरी आणि वर्गमूळ या क्रमाने केलेले गणित चपट्या माथ्यावरही बरोबर उत्तर देते, कारण ते अर्ध्याचा आधारच घेत नाही. त्याला फक्त पूर्ण आवर्तने लागतात.

याच्या उलट टोकाला एक सुंदर पळवाट आहे. साइन शुद्ध असेल, तर पाव आवर्तनाच्या, म्हणजे ५ मिलिसेकंदांच्या अंतराने घेतलेले केवळ दोन नमुने पुरतात: पहिला १०० व्होल्ट आणि दुसरा ३०९.५ व्होल्ट असेल, तर त्यांच्या वर्गांच्या बेरजेचे निम्मे ५२९०० येते आणि उत्तर २३०. जोडीदारांचा हाच नियम. पण माथा चपटा झाला की ही जोडी फुटते, म्हणून ती प्रयोगशाळेतील संकेत-जनित्रावर करून पाहावी, घरच्या सॉकेटवर नाही.

मापक बरोबर आणि मल्टिमीटर चुकीचा

शेवटचा प्रकार सर्वांत अधिक वेळ खातो, कारण इथे आपण ज्याला पंच नेमले आहे तोच चुकतो. साधे मल्टिमीटर वर्ग घेत नाहीत. ते दाब एका दिशेचा करून त्याची सरासरी काढतात आणि १.११ ने गुणतात. शुद्ध साइनसाठी सरासरी २०७.१ येते, १.११ पट केल्यावर २३०, आणि कुणाला काही जाणवत नाही. आता पंख्याच्या किंवा दिव्याच्या डिमरनंतरचा दाब मोजा. डिमर प्रत्येक कमानीचा पहिला अर्धा भाग, ० ते ९० अंश, कापत असेल, तर सरासरी निम्मी होते आणि साधा मल्टिमीटर ११५ दाखवतो. साइनच्या वर्गाचे मात्र ९० अंशांच्या दोन्ही बाजूंचे क्षेत्रफळ सारखे असते, म्हणून वर्गांची सरासरी निम्मी होते आणि खरे आरएमएस २३० भागिले १.४१४, म्हणजे १६२.६ व्होल्ट असते. दोघांत सुमारे ४८ व्होल्टचा फरक आणि तुमचे मापक १६३ च्या जवळ दाखवत असेल तर बरोबर तेच आहे. चौरस तरंग देणाऱ्या इन्व्हर्टरवर फरक उलट दिशेने पडतो: तिथे साधा मीटर सुमारे ११ टक्के अधिक दाखवतो.

तेव्हा तुलना करण्यापूर्वी मल्टिमीटरच्या दर्शनी भागावर True RMS किंवा TRMS ही अक्षरे आहेत का ते पाहावे. नसतील, तर तुलना थेट सॉकेटवर, मध्ये डिमर किंवा इन्व्हर्टर नसताना करावी आणि गुणक तिथेच ठरवावा.